टेंडर समितीसमोर टीम लीडरने स्वतःची ओळख कशी करून द्यावी

पहिलंच प्रेझेंटेशन आहे ना? मग 'दांडगा अनुभव', 'नामांकित कंपनी' हे शब्द आधी काढा. समितीपुढे तुमचा सीव्ही उघडा असतो आणि गुण त्यातल्या कामांना मिळतात. एकच काम निवडा, टेंडरशी सर्वांत जुळणारं. पाणीपुरवठा योजनेसाठी असं बोला:

"४२ किलोमीटर वितरण वाहिनीच्या कामावर मी डेप्युटी टीम लीडर होतो. डिझाइन तपासणी आणि हायड्रॉलिक टेस्टिंग माझ्याकडे होतं. रेल्वे क्रॉसिंगच्या परवानगीमुळे काम चार महिने लांबलं, म्हणून इथे तो अर्ज पहिल्याच महिन्यात ठेवलाय. पूर्णत्वाचा दाखला पान ६७ वर आहे."

उशीर लपवू नका. दाखल्यावर तारखा असतातच.

नवखे हमखास इथे अडकतात:
- सगळीकडे 'आम्ही केलं'. मग प्रश्न येतो, "तुम्ही स्वतः काय केलंत?"
- तोंडी आकडा एक, सीव्हीत दुसरा. चाळीस आणि बेचाळीसचा फरकही खटकतो. आदल्या रात्री सादर केलेलीच प्रत वाचा, लॅपटॉपवरची नवी नको.
- ओघात दराचा उल्लेख. दराचा आर्थिक लिफाफा तेव्हा उघडायचा बाकी असतो, म्हणून बोली बाद होऊ शकते.

दोन मिनिटं पुरेत. बाकीचं प्रश्नोत्तरांत येईलच.