अर्धा रस्ता ४० ने गेला, आता उरलेला ८० ने मारला तर सरासरी ६० येते का?

"बीडहून संभाजीनगरला इंटरव्ह्यूला निघालो होतो, १३० किमी, ७:५० ला निघालो आणि १० ला पोचायचं होतं म्हणजे सरासरी ६० पाहिजे. उसाचे ट्रॅक्टर, टोल, चहा यात अर्धा रस्ता ४० च्याच सरासरीने गेला. मी म्हणलं उरलेला ८० ने मारू, ४० आणि ८० ची सरासरी ६० होते. मित्र म्हणतो नाही होत. कोण बरोबर? आणि किती पळवायला पाहिजे होती?"

मित्र बरोबर हाय. तुम्हाला १२० ने जावं लागलं असतं, तेही कागदावर, रस्त्यावरचा आकडा याच्याहून लै बेक्कार निघतो, त्याच्याकडे नंतर येतो. मी याच रोडला भाड्याची गाडी चालवतो त्यामुळं हे गणित सीटवर बसूनच करावं लागतं, पॅसेंजर मागून "पोचतो का हो टाइमात" म्हणून विचारायलेले असतात.

तर पहिलं म्हणजे वेगाची बेरीज-भागाकार करायचीच नाही, मिनिटं मोजायची. तुमच्याकडे एकूण १३० मिनिटं होती. पहिले ६५ किमी ४० ने म्हणजे साडेसत्त्याण्णव मिनिटं गेली. उरली साडेबत्तीस मिनिटं आणि उरले ६५ किमी. साडेबत्तीस मिनिटांत ६५ किमी म्हणजे मिनिटाला २ किमी, म्हणजे तासाला १२०. झालं, एवढंच गणित हाय:

```
लागणारा वेग = उरलेले किमी ÷ उरलेली मिनिटं × 60
```

आता ८० ने गेला असतात तर? ६५ किमीला पावणेएकोणपन्नास मिनिटं, म्हणजे १०:१६ ला पोचला असतात आणि पूर्ण रस्त्याची सरासरी ५३ च्या थोडी वर पडली असती. तुमची ४०-८० वाली सरासरी कधी बरोबर येते, तर दोन्ही वेगांनी *वेळ* सारखा गेला तर. एक तास ४० ने आणि एक तास ८० ने गेलात तर १२० किमी, दोन तास, सरासरी ६०, एकदम बरोबर. पण तुमचं *अंतर* सारखं होतं, अर्धा-अर्धा रस्ता, आणि हळू चालवलेल्या अर्ध्याने वेळ जास्त खाल्ला म्हणून सरासरी त्याच्याकडं ओढली गेली. आणि समजा पहिला अर्धा ४० नाही ३० ने गेला असता, तर ६५ किमीलाच १३० मिनिटं संपली असती, म्हणजे वडीगोद्री-पाचोडच्या मधेच १० वाजले असते. मग विमान आणलं तरी ६० ची सरासरी निघत नाही, कारण उरलेल्या रस्त्याला मिनिटंच शिल्लक नाहीत. पाहिजे त्या सरासरीच्या निम्म्यानं अर्धा रस्ता गेला की विषय संपला, हे डोक्यात फिट करून ठेवा.

आता खरी मजा. ते १२० सुद्धा खोटं हाय. का, तर उरलेले ६५ किमी सगळे पळवण्यालायक नाहीत. शेवटचे १० एक किमी शहरातले, सिग्नल, रिक्षा, सकाळी ऑफिसची गर्दी, तिथं तुम्ही कितीही घाईत असला तरी ३० च्या आसपासच सरासरी पडणार. १० किमी ३० ने म्हणजे २० मिनिटं. ही २० मिनिटं तुमच्या हातातली नाहीत, ती आधीच बाजूला काढून ठेवायची. मग साडेबत्तीसमधून २० गेली की उरतात साडेबारा मिनिटं, आणि मोकळा रस्ता उरतो ५५ किमी. करा भागाकार: तासाला २६४ किमी. म्हणजे मधे चहा घेऊन परत गाडीत बसलात तेव्हा तुम्हाला वाटत होतं ८० लागेल, मित्राच्या हिशोबानं १२० लागत होतं आणि रस्ता मागत होता २६४.

म्हणून मी नेहमी असं करतो, आधी न पळणारा रस्ता वेगळा काढायचा, त्याची मिनिटं उरलेल्या मिनिटांतून वजा करायची, त्याचे किमी उरलेल्या किमीतून वजा करायचे, आणि मगच भागाकार. बरेच लोक ही वजाबाकीच करत नाहीत आणि "गूगल तर म्हणतंय ६५ किमीच राहिले" म्हणत बसतात.

हेच गणित आधी केलं असतं तर काय दिसलं असतं ते बघा, कारण उत्तराचा खरा जीव इथं हाय. निघताना: १२० किमी मोकळा रस्ता, १३० मधून शहराची २० वजा, ११० मिनिटं, म्हणजे ६५ चा वेग पुरे होता. आरामात. गेवराईला, ढोबळ ३३ किमी धरा, तुमच्या ४० च्या सरासरीनं जवळपास ५० मिनिटं झाली. मोकळा रस्ता उरला ८७, मिनिटं उरली साठ, म्हणजे ८६-८७ चा वेग. चारपदरी रोड हाय, कारला जमण्यासारखं हाय, पण इथून पुढं चहा बंद. शहागडच्या पुलाला, ५० किमी धरा, ७५ मिनिटं झाली. मोकळा रस्ता ७०, मिनिटं ३५, लागला १२०. आणि अर्ध्या रस्त्याला २६४. गेवराई ते शहागड १७ किमी, शहागडपासून अर्धा रस्ता फक्त १५ किमी, पण आकडा ८६ वरून १२० वर आणि तिथून थेट २६४ वर. उशीर तुम्ही एकाच स्पीडनं जमवत होता, पण तो भरून काढायला लागणारा वेग एकाच स्पीडनं वाढत नाही, शेवटी शेवटी उडतोच. म्हणून हिशोब गेवराईला करायचा असतो, पाचोडला नाही. पाचोडला करून काय उपयोग, तिथं फक्त फोन करायचा असतो.

दुसरी एक गोष्ट जी पॅसेंजरला सांगून पटत नाही, ती म्हणजे जास्त वेगात वाचणारा वेळ कमी कमी होत जातो. किमीला किती सेकंद लागतात ते बघा. ४० ला ९० सेकंद, ६० ला ६०, ८० ला ४५, १०० ला ३६, १२० ला ३०. म्हणजे ४० चे ६० केले की दर किमीला अर्धा मिनिट वाचतं, पण १०० चे १२० केले की फक्त ६ सेकंद, आणि धोका मात्र याच्या बरोबर उलट्या दिशेनं वाढतो. तुमचा वेळ ट्रॅक्टरच्या मागं, टोलच्या लायनीत आणि टपरीवर गेला. पंधरा मिनिटांची ती एक चहाची टपरी भरून काढायची तर ८० ऐवजी १०० नं सलग १०० किमी जावं लागतं, मोजून बघा, ९ सेकंद गुणिले १००. त्या रोडवर सलग १०० किमी मोकळे मिळणारच नाहीत.

तुमच्याच केसमधी अर्ध्या रस्त्यापासून पुढं काय झालं असतं ते सांगतो. त्या वेळी ९:२७ वाजून गेले होते. नेहमीच्या ६५ ने गेला असतात तर १०:३८ ला पोचला असतात. ९० ने गेला असतात तर १०:२४ ला. १०० ने गेला असतात तर १०:२० च्या आसपास. ६५ चे ९० केले तर १४ मिनिटं वाचतात, ती वाचवण्यासारखी हायेत. ९० चे १०० केले तर चार मिनिटं सुद्धा नाहीत, आणि १० ची वेळ दोन्हीत चुकलेलीच. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्याला कारची कमाल १०० हाय, राज्य ती अजून कमी करू शकतं, त्यामुळं जिथं जी पाटी असेल ती तुमची छत. गणितातून छतापेक्षा मोठा आकडा आला की गणित थांबवायचं. आणि तुम्ही काळी-पिवळी, ट्रॅव्हल्स अशा कमर्शियल गाडीत असाल तर बऱ्याचशा गाड्यांना ८० वर स्पीड गव्हर्नर बसवलेला असतो, मग ड्रायव्हरला "जरा दाबा की" म्हणून काही फायदा नाही.

एक बारीक पॉइंट राहिला. स्पीडोमीटरवर ९० दिसतंय म्हणजे गाडी ९० ने चाललीय असं धरू नका. कंपन्या काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतात, कमी कधी दाखवू देत नाहीत. आणि काटा त्या क्षणाचा वेग दाखवतो, सरासरी नाही, एका गतिरोधकानं, एका शेळ्यांच्या कळपानं ती खाली येते. खरं बघायचं असेल तर बाजूला बसलेल्याला मोबाईलचं स्टॉपवॉच लावायला सांगा आणि किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या पाच दगडांपर्यंत मोजा. ५ किमीला २०० सेकंद आले तर खरी ९०, २२५ आले तर ८०. ड्रायव्हरनं स्वतः हे करायचं नाही, हे लिहायची वेळ यावी याचंच आश्चर्य वाटतंय पण लोक करतात.

आता रेल्वेवाला कुणी खाली कमेंटमधी म्हणेल की आमची गाडी परभणीला २० मिनिटं लेट असते आणि नांदेडला टाइमात पोचते, मग ती कशी भरून काढते? ती ड्रायव्हरनं पळवून नाही भरून काढलेली. रेल्वेच्या वेळापत्रकात मोठ्या स्टेशनाच्या आधीच्या टप्प्यात मुद्दाम जादा मिनिटं टाकून ठेवलेली असतात, ती तिथं खर्च होतात. तुम्ही पण तेच करा, निघतानाच १३० मिनिटांच्या रस्त्याला १५० धरा, म्हणजे ७:३० ला निघा.

आणि परत असं झालं तर अर्ध्या रस्त्यात गाडी बाजूला घेऊन इंटरव्ह्यूवाल्याला फोन करा आणि "पाच-दहा मिनिटांत आलोच" असं सांगू नका, "१०:२५ ला पोचतो" असं सांगा, वर काढलाय तो आकडा त्याच्यासाठीच.