मध्यक सारखाच, मग डबा लांब का?

"नववी अ आणि ब, दोन्हींत ४०-४० मुलं, गणिताचा पेपर १०० गुणांचा. बॉक्स प्लॉटमध्ये दोघांचाही मध्यक ५४ येतोय, पण ब चा डबा दुप्पट लांब आहे. म्हणजे ब च्या डब्यात जास्त मुलं आहेत का? आणि दोन्हीकडे सर्वांत कमी गुण ८ असताना ठिपका फक्त अ मध्येच का?"

जास्त मुलं नाहीत. दोन्ही डब्यांत निम्मा वर्गच असतो, म्हणजे साधारण २० मुलं. डब्याच्या लांबीवरून कळतं ते एवढंच की ती २० मुलं किती गुणांत पसरली आहेत. तुमच्या चित्रात अ चा डबा ४२ ते ५८ आहे, ब चा ३४ ते ७०. अ मध्ये मध्यकाची रेघ वरच्या कडेला चिकटलीय, कारण ५४ ते ५८ या चारच गुणांत दहा मुलं दाटीवाटीने बसली आहेत. आखूड भाग म्हणजे गर्दी; आमच्याकडेही पोरं हे हमखास उलटं वाचतात.

आता ठिपका. डब्याची लांबी, म्हणजे तिसरा चतुर्थक वजा पहिला, अ मध्ये १६ आहे. तिची दीडपट २४. ४२ मधून २४ गेले की उरतात १८, आणि त्याखालचा गुण सुटा ठिपका म्हणून काढायचा असा संकेत आहे. म्हणून ८ बाहेर पडला. अ ची खालची मिशी मात्र १८ वर थांबत नाही, १८ किंवा त्याहून वर सापडलेल्या सर्वांत कमी खऱ्या गुणावर थांबते. तुमच्याकडे तो २७ आहे. ब मध्ये लांबी ३६, दीडपट ५४, हद्द उणे २०. तिथे शून्य मिळवणारासुद्धा ठिपका होणार नाही. तेव्हा ठिपका म्हणजे 'फार कमी गुण' नव्हे, 'आपल्या वर्गापासून फार लांब' एवढंच.

तरी त्या ८ ची उत्तरपत्रिका काढून बघाच. मी एकदा असाच ठिपका घेऊन पालकांना बोलवायला निघालो होतो. निघाले ४८, शीटमध्ये टाकताना चार माझ्याच हातून राहिला होता.

तुलना करताना मी मध्यकापाशी थांबणार नाही. ब चा पहिला चतुर्थक ३४, म्हणजे ३५ ची पास रेषा धरली तर किमान दहा मुलं नापास. त्याच वर्गात दहा जण ७० किंवा त्याहून वर आहेत, आणि अ ची वरची मिशी तर ६८ लाच संपते. अ मध्ये नापास किती? ८ आणि २७ वाले दोघे नक्की. पण २७ ते ४२ च्या मधली मुलं नेमकी कुठे आहेत हे चित्र सांगत नाही, त्यासाठी गुणपत्रकच उघडावं लागेल.

एक्सेलमध्ये काढलं असेल तर डब्यातली × ही खूण सरासरीची असते, मध्यकाची नाही.