उत्तर: ‘तो म्हणतो चालतं’ एवढ्यावर रोस्ट लिहू नका

प्रश्न: “आमच्या जळगावच्या कॉलेजात गॅदरिंगला मित्राचा रोस्ट आहे. तो म्हणतो, जात, जाडी, काहीही बोला, मला चालतं. मग घ्यायला काय हरकत?”

त्याला चालतं हो, पण हॉलमध्ये तो एकटा बसलेला नसतो. जाडीवरचा जोक त्याच्यावर मारला तरी तिसऱ्या रांगेतल्या मुलीलाही तो लागतो, आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. जात-धर्माचंही तेच. परवानगी एकाची आणि जोक शेकडोंवर, ही चूक सगळ्यात महाग पडते.

आपल्याकडे तर जात न उच्चारताही जोक जातीवर जातो. “हा पाटील, पण कोणता पाटील?” लिहिणाऱ्याला वाटतं, आडनावाची गंमत आहे. खान्देशात पाटील लेवाही असतात, मराठाही, गुजरही. म्हणजे हा प्रश्न सरळ जातच विचारतो. तालमीत ते कळत नाही, कारण ऐकणारे बहुतेक एकाच गटातले मित्र असतात. कार्यक्रमात अर्धा हॉल हसतो आणि अर्धा शेजाऱ्याकडे बघतो. तसं झालं की पुढचे दोन जोकही पडतात.

मग त्याच पाटलाचं काय घ्यायचं? त्यानं स्वतः केलेलं आणि उद्या बदलता येईल असं. “भरीत पार्टीला कपाशीच्या काड्या पेटवताना पाटील गायब, बडगीत मिरच्या कुटताना गायब, कळण्याची पुरी ताटात पडली की पाटील पहिल्या पंगतीत!” यावर तोही हसेल आणि त्याचे घरचेही. जाडेपणाचा जोक तसा चालत नाही. तो त्यानं शाळेपासून ऐकलेला असतो, त्यात नवीन काही नसतं.

घरातलं दुःख बहुतेक वेळा ठरवून येत नाही, भरतीच्या वाक्यातून येतं. “बापाला विचार जा” हे निवेदकाच्या तोंडी सहज बसलेलं असतं, आणि समोरच्याचे वडील सहा महिन्यांपूर्वी गेलेले असतात. म्हणून स्क्रिप्टमधलं आई, बाप, भाऊ असलेलं प्रत्येक वाक्य लाल पेनानं अधोरेखित करा आणि त्याच्या जवळच्या माणसाला एकट्यात विचारा. त्यालाच विचारलं तर भिडेपोटी तो “चालतं” म्हणेल. स्टेजवर ऐनवेळी सुचलेलं बोलायचं नाही, हेही निवेदकाला आधीच सांगून ठेवा. तालमीत मित्र हसण्याआधी इतरांची तोंडं बघत असेल, तर ते वाक्य काढा.

मी वकील नाही, कायद्याचं जाणकाराला विचारा. पण अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून हिणवणं 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे, आणि त्यात अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. “गंमत होती” हे नंतर पटवत बसावं लागतं.

आणि ती कमिटी, जी आधी स्क्रिप्ट वाचत नाही आणि नंतर “आम्हाला दाखवलं नव्हतं” म्हणते! तिच्याकडून प्रत्येक पानावर सही घ्या. मोबाइल रेकॉर्डिंग बंद ठेवायचं निवेदकाला सांगा, पण कोणीतरी करणारच, हे धरूनच लिहा. वीस सेकंदांची क्लिप फिरते, तिच्यात तुमच्या मित्राचं “चालतं” नसतं.