गोल पाइपवर तिरकी शाखा काढताना स्केचला जागा कुठून आणायची?

प्रश्न: सॉलिडवर्क्समध्ये गोल पाइपला बाजूने एक तिरकी शाखा जोडायची आहे. पाइपवर क्लिक करून स्केच सुरू करायला गेलं तर होत नाही, कारण सपाट फेसच नाही. टँजंट प्लेन करून पाहिला, पण शाखा पाइपला नीट चिकटत नाही. काय करू?

उत्तर:

टँजंट प्लेनपासूनच सुरुवात करतो, कारण पहिल्यांदा सगळे तिथेच अडकतात. मीही अडकलो होतो. तो प्लेन पाइपला फक्त एका रेषेवर टेकतो. समजा पाइपचा बाहेरचा व्यास 60 मिमी आहे आणि त्या प्लेनवर तुम्ही 30 मिमीचं वर्तुळ काढलं. मध्यरेषेवर ते पाइपला टेकेल, पण दोन्ही कडांना पाइपचा पृष्ठभाग सुमारे 4 मिमी खाली गेलेला असेल. तिथून बाहेरच्या दिशेने एक्स्ट्रूड केलंत की शाखा आणि पाइप यांच्यात फक्त रेषेचा स्पर्श उरतो. मग सॉफ्टवेअर एकतर शून्य जाडीची तक्रार करतं, नाहीतर शाखा वेगळी बॉडी होऊन बसते. शिवाय शाखा तिरकी असेल तर टँजंट प्लेनची दिशाच चुकीची ठरते.

म्हणून उलटं करायचं. स्केच पाइपवर न काढता शाखेच्या बाहेरच्या टोकाशी, हवेत काढायचं आणि तिथून पाइपकडे यायचं.

तुमची मापं दिलेली नाहीत, म्हणून मी ठरवतो. पाइप `Front Plane` वर ओरिजिनभोवती वर्तुळ काढून 200 मिमी एक्स्ट्रूड केलेला आहे, बाहेरचा व्यास 60, आतला 50. शाखा टोकापासून 80 मिमीवर, उभ्या दिशेपासून 35 अंश बाजूला कललेली आणि पाइपच्या अक्षाशी 60 अंश करणारी. शाखेचा व्यास बाहेरून 30, आतून 24.

आधी अक्ष. `Reference Geometry` मध्ये `Axis` घ्या आणि `Two Planes` निवडून `Top Plane` व `Right Plane` द्या. पाइपच्या गोल फेसवर क्लिक करूनही अक्ष मिळतो, पण मूळ प्लेनमधून घेतलेला अक्ष मला जास्त भरवशाचा वाटतो. उद्या पाइपचं फीचर खोडून नव्याने केलंत तरी तो जागेवरच राहतो.

आता पहिला प्लेन. `Plane` मध्ये पहिला संदर्भ हा अक्ष, दुसरा `Right Plane`, आणि कोन 35 अंश. हा प्लेन पाइपच्या अक्षातून जातो आणि शाखेची मध्यरेषाही याच प्लेनमध्ये असणार आहे. कल उलट्या बाजूला गेला असेल तर `Flip offset` वर टिक करा. पाइपकडे समोरून, म्हणजे वर्तुळ दिसेल असं पाहिलं की बाजू लगेच कळते.

या प्लेनवर नुसती एक रेषा काढायची. तिचं सुरुवातीचं टोक पाइपच्या अक्षावर, `Front Plane` पासून 80 मिमीवर. अक्षाशी कोन 60 अंश. लांबी 70 मिमी. कोन इथेच द्या. बाजूच्या दृश्यात, म्हणजे `Right Plane` वर, हीच रेषा 60 ऐवजी साधारण 54.8 अंशांची दिसते, कारण ती आपल्याकडे कललेली आहे. तिथे 60 दिलेत तर खरी शाखा जास्त उभी होईल आणि ते नुसत्या नजरेला कळणारही नाही.

80 मिमीचं माप मी पाइपच्या टोकाच्या कडेपासून घेत नाही, तेही अनुभवाने. एकदा कडेवरून माप घेतलं होतं. नंतर त्या कडेला चॅम्फर दिला, फीचर ट्रीमध्ये तो स्केचच्या वर सरकवला, आणि ती कडच नाहीशी झाली. स्केचचा संदर्भ लटकला, त्यावर उभी असलेली सगळी फीचर्स लाल झाली.

रेषेचं बाहेरचं टोक हाच तुमचा ऑफसेट बिंदू. स्केचमधून बाहेर या आणि दुसरा प्लेन करा: पहिला संदर्भ ती रेषा (`Perpendicular`), दुसरा संदर्भ ते टोक (`Coincident`). हा प्लेन शाखेला काटकोनात असतो. यावर 30 मिमीचं वर्तुळ काढा आणि त्याचं केंद्र त्या टोकाशी `Coincident` करा. हे विसरायचं नाही. स्केचचा ओरिजिन त्या बिंदूवर नसतो, त्यामुळे अंदाजाने काढलेलं वर्तुळ दिसायला बरोबर दिसतं, पण निळं, म्हणजे मोकळंच राहतं.

आता पाइपच्या दिशेने एक्स्ट्रूड करा आणि शेवटाला `Up To Next` द्या. शाखेचं तोंड पाइपच्या वक्र पृष्ठभागावर आपोआप बसतं, कुठेही फट राहत नाही.

70 मिमी ही लांबी मात्र मनाला येईल तशी घेतलेली नाही. वर्तुळ तिरकं आहे, त्यामुळे त्याची सगळ्यात खालची कड केंद्रापेक्षा पाइपच्या 7.5 मिमी जवळ येते (15 × cos 60°). ही कड पाइपच्या 30 मिमी त्रिज्येच्या बाहेर हवी. म्हणजे लांबी किमान (30 + 7.5) ÷ sin 60°, साधारण 43.3 मिमी. 40 घेतलीत तर वर्तुळाचा एक भाग पाइपच्या भिंतीत बुडतो आणि `Up To Next` एकतर अडतं किंवा भलतंच काही करून ठेवतं. 70 मध्ये चांगलीच जागा राहते. पुढे पाइपचा व्यास 76 केलात तरी किमान लांबी 52.5 च्या आसपास येते, म्हणजे मॉडेल तुटत नाही.

शेवटी आतलं भोक. त्याच दुसऱ्या प्लेनवर 24 मिमीचं वर्तुळ काढा, त्याचंही केंद्र त्याच टोकावर, आणि पाइपकडे कट करा. इथे `Through All` देऊ नका, समोरच्या भिंतीलाही भोक पडेल. `Up To Vertex` द्या आणि रेषेचं अक्षावरचं टोक निवडा. कट पाइपच्या बरोबर मध्यावर थांबतो. तिथे भोकाची त्रिज्या 12 आणि पाइपची आतली 25, म्हणून जवळची भिंत पूर्ण कापली जाते आणि समोरचीला धक्का लागत नाही.

तपासायचं असेल तर `Section View` मध्ये 35 अंशांचा प्लेन निवडा. शाखा आणि पाइप दोन्ही बरोबर मध्यातून चिरलेले दिसतील, `Measure` ने कोन 60 आला पाहिजे. मग 35 चे 50 करून रीबिल्ड करा. शाखा फिरून नव्या जागी बसली तर संदर्भ ठीक आहेत. काही लाल झालं तर कुठेतरी मूळ प्लेनऐवजी कड किंवा फेस निवडला गेला आहे.

पाइपऐवजी मनमानी वक्र पृष्ठभाग असेल तर अक्ष मिळत नाही, तिथे ही पद्धत चालणार नाही. मग आधी पृष्ठभागावर एक संदर्भ बिंदू घ्यावा लागतो (`Point` मध्ये `Projection`), त्या बिंदूवर टँजंट प्लेन, आणि त्याला समांतर बाहेर सरकवलेला दुसरा प्लेन. स्केच त्या दुसऱ्यावर. टँजंट प्लेनचा खरा उपयोग इथे आहे: स्केच काढायला नाही, दिशा ठरवायला.