कंगव्यात आलेले केस

“मॅडम, बायकोची केमो सुरू झालीय. केस पुंजक्यापुंजक्याने गळतायत. मुलगी साडेपाच वर्षांची. ती आता आईजवळ जातच नाही. तिला काय सांगू, आणि किती सांगू?”

घरी जाऊन म्हणता येईल असं एखादं तयार वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक वडिलांना हवं असतं. सुरुवातीच्या काळात मी ते द्यायचेही. आता आधी विचारते, “आत्तापर्यंत काय सांगितलंत?” कारण काहीच सांगितलं गेलेलं नाही असं घर मी अजून पाहिलेलं नाही. कुणी ना कुणी काहीतरी बोललेलं असतं, आणि मुलानं ते ऐकून स्वतःच्या हिशेबानं लावून घेतलेलं असतं.

हे गृहस्थ नाशिकजवळचे द्राक्षबागायतदार. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मुलीला आपण छकुली म्हणू. बायकोला स्तनाचा कॅन्सर. दर एकवीस दिवसांनी एक, अशा चार लाल औषधाच्या केमो, आणि पुढे बारा आठवडे दर आठवड्याला दुसरं औषध, असं ठरलं होतं. पहिली केमो सप्टेंबरात झाली आणि सोळाव्या-सतराव्या दिवशी उशीवर केस दिसायला लागले.

“मी सांगितलंय तिला,” ते म्हणाले. “तिला कळेल अशा भाषेत. म्हटलं, आईला आतून कीड लागलीय, म्हणून डॉक्टर फवारणी करतात.”

बागायतदाराला सुचावी तशी उपमा. मी विचारलं, “फवारणीच्या दिवशी छकुलीला घरात काय सांगता?”

“बागेत पाय ठेवायचा नाही म्हणून. आणि मी आंघोळ करेपर्यंत मला शिवायचं नाही…” आणि ते थांबले.

त्यात आजींनी भर घातली होती: “आईला हात लावू नकोस, इन्फेक्शन होईल.” आजींचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा मुलीची सर्दी आईला महागात पडू शकते. पण छकुलीनं ऐकलं ते उलटं. आईचं काहीतरी मला होईल, असं.

म्हणून सांगायचं ते दोन्ही बाजूंनी सांगावं लागतं: “कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही. जवळ बसून, एका ताटात जेवून, पापी घेऊन होत नाही. पण तुझी सर्दी आईला होऊ शकते, म्हणून तू हात धुवायचेस. नाक गळत असेल त्या दिवशी लांबून टाटा.” केमोनंतर दोन-तीन दिवस उलटी किंवा लघवी साफ करताना मोठ्यांनी हातमोजे घालायचे असतात, ते काम मुलांना द्यायचं नाही. मिठीला मात्र बंदी नसते. आणि ‘कॅन्सर’ हा शब्द वापरायचाच. नुसतं ‘आई आजारी आहे’ म्हटलं, तर उद्या शाळेत एखाद्याला ताप आला की आता त्याचेही केस जाणार असं मुलाला वाटतं.

केसांचं काय? ते का गळतात हे मी आधी त्यांनाच विचारलं. “औषध गरम पडतं,” ते म्हणाले. बऱ्याच जणांना असंच वाटतं. खरं कारण गरम-थंडाशी संबंधित नाही, आणि साडेपाच वर्षांच्या मुलीला समजेल इतकं साधं आहे. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठतात. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, आणि केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही. डोक्यावरच्या दर दहा केसांपैकी जवळपास नऊ कुठल्याही वेळी वाढीला लागलेले असतात, म्हणून गळायला लागले की सगळे एकदमच निघाल्यासारखे वाटतात.

आम्ही दोघांनी बसून वाक्यं जुळवली. ते बोलत, मी छकुली होत असे. या खेळात मला माझं वय विसरता येतं, हे माझं थोडंसं भांडवल आहे.

“औषधाला डोळे नाहीत. त्याला एवढंच कळतं, कोण भराभर वाढतंय. कॅन्सर भराभर वाढतो म्हणून औषध त्याला थांबवतं. केस पण भराभर वाढतात, म्हणून त्यांना पण थांबवतं.”

“माझे केस पण वाढतात. माझे पण जाणार?” मी विचारलं.

ते गडबडले, मग म्हणाले, “तू ते औषध घेतलंयस का? ते फक्त आईच्या शिरेतून जातं.”

“आणि नखं? नखं पण वाढतात ना?”

“ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारून सांगतो.”

हे शेवटचं उत्तर मला सगळ्यांत आवडलं. बापाला सगळं माहीत असण्याची गरज नाही. विचारून सांगेन म्हटल्यावर त्यानं खरंच येऊन सांगितलं, तर पुढच्या दहा प्रश्नांना मूल त्याच्याचकडे येतं. (नखांवर आडव्या रेषा येऊ शकतात, ती काळी पडू शकतात. सगळी गळून पडतील असं सहसा होत नाही.)

एक वाक्य मी त्यांना मुद्दाम लिहून दिलं. मुलीनं विचारलं नाही तरी म्हणायचं: “हे कुणाच्या चुकीमुळे झालेलं नाही. तू काही केलंस म्हणून नाही, काही बोललीस म्हणूनही नाही.”

“पण तिनं कुठे काय केलंय?” ते म्हणाले.

“म्हणा तरी.”

पंधरा दिवसांनी ते आले ते खुर्चीत नीट बसायच्या आधीच बोलायला लागले. सगळं ठरल्यासारखं सांगून झालं होतं, छकुली पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघा ओढत ऐकत होती. ‘तू काही केलंस म्हणून नाही’ म्हटल्यावर रेघा थांबल्या. ती उठली, आतून ल्युडोचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं तर सोंगट्यांच्या जागी रुमालात गुंडाळलेले केस. आणि फेविकॉलची ट्यूब.

“हे परत चिकटवा ना, पप्पा. मी ओढले.”

मायलेकींचा पार्लरचा खेळ असायचा. रविवारी दुपारी आई जमिनीवर बसायची, छकुली मागे खुर्चीत. त्या रविवारी कंगवा फिरवला आणि मूठभर केस हातात आले. आई “आई गं!” म्हणाली, बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. छकुलीनं केस गोळा करून लपवले आणि त्या दिवसापासून आईजवळ जाणं बंद केलं. घरच्यांना वाटत होतं, पोरीला आईची भीती वाटते, किळस येते. ती तर उरलेले केस वाचवत होती.

मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगून ठेवलंय की दोन ते सात या वयात मूल जगाकडे स्वतःच्या जागेवरूनच बघतं. मला ते पाठ होतं, म्हणून तर वाक्य लिहून दिलं. पण मी अंदाज बांधला होता रागाचा. तिनं कधीतरी आईला “तू वाईट आहेस” म्हटलं असेल वगैरे. इतकं सरळ, हातात पुरावा असलेलं कारण असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक घरी एक प्रश्न जास्तीचा विचारते: पहिल्यांदा केस गळाले तेव्हा मूल कुठे होतं, काय करत होतं?

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काही सुचेना. तिला उचलून हिच्याकडे नेली.”

आईनं समजावलं नाही, करून दाखवलं. स्वतःच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला, बोटांत केस आले. उशी दाखवली, तिच्यावर कुणी न ओढलेले केस. मग छकुलीनं वडिलांचे केस धरून जोरात ओढले. आले नाहीत. स्वतःचे ओढले. आले नाहीत. पुन्हा आईच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. आले. “म्हणजे माझ्या हाताचं काही नाही,” ती म्हणाली. माझ्या खोलीत खेळण्यांचं अख्खं कपाट आहे, पण हा प्रयोग त्यातून निघाला नसता. आणि ही मुलगी मी आजतागायत पाहिलेली नाही. मुलाला घेऊन या, असं मी पहिल्या भेटीत सांगत नाही. त्याला जे ऐकायचं असतं ते घरातल्याच माणसाच्या तोंडून ऐकायचं असतं.

त्याच आठवड्यात आईनं उरलेले केस काढून टाकायचं ठरवलं. वस्तरा नको, ट्रिमर वापरा, एवढंच मी सुचवलं. या दिवसांत कापलेली जखम चिघळू शकते. छकुलीला विचारलं, येणार का? ती दारात उभी राहून बघत होती, मध्येच निघून गेली. जाऊ दिली.

तेव्हाच बागेत ऑक्टोबर छाटणी चालू होती. वडिलांनी तिला नेऊन छाटलेली वेल दाखवली: पान नाही, नुसत्या काड्या. “बोडकी दिसते ना वेल? मुळं शाबूत आहेत.” घरी येऊन तिनं “आई बोडकी झाली” म्हटल्यावर आजींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांच्या पिढीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा होता. आम्ही शब्द बदलून ‘छाटणी’ ठेवला. आठ-दहा दिवसांत काड्यांचे डोळे फुटले, छकुली रोज बघायला जायची.

उपमा फवारणीपेक्षा शंभर पटीनं बरी, तरी मी तिला वेसण घातली. वेल दहा दिवसांत फुटते, आईचे केस बारा आठवड्यांचं दुसरं औषध संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी दिसू लागणार होते. मध्ये भुवया-पापण्याही विरळ होतात. ते आधीच सांगून ठेवलं, तर जानेवारीत छकुलीच आजींना बजावत होती, “आता भुवया जाणार, पप्पांनी सांगितलंय.” दुसरी अडचण मोठी. केस परत येतात ते औषध थांबलं म्हणून, कॅन्सर गेला म्हणून नाही. या दोन गोष्टी मुलाच्या मनात एक झाल्या, तर पुढे कधी काही कमीजास्त झालं की आपण खोटं बोलल्यासारखं होतं.

“आई मरणार का?” हा प्रश्न नोव्हेंबरात एकदा स्कूटरवर मागून आला. त्याचीही तयारी करून ठेवली होती. “नाही” असं वचन द्यायचं नव्हतं. त्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि म्हणाले, “कॅन्सरनं काही माणसं मरतात. आईला डॉक्टर चांगलं औषध देतायत, आणि आत्ता ती मरत नाहीये. काही बदललं तर मी तुला सांगेन, तुझ्यापासून लपवणार नाही.” ती “बरं” म्हणाली आणि चिक्की मागितली. मुलं एवढंच एका वेळी घेतात.

एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन आला. आईच्या डोक्यावर बोटाच्या पेरभर केस आलेत, पूर्वी सरळ होते, आता कुरळे. छकुलीनं विचारलं, “म्हणजे आई बरी झाली?” ते म्हणाले, “केसांचं नातं औषधाशी होतं, औषध थांबलं म्हणून आले. बरी झाली का ते डॉक्टर तपासून सांगतील.”

“मग पार्लर उघडू?”

आई जमिनीवर बसली. छकुलीनं कंगवा हातात घेतला, पण फिरवेना. आईनं मान मागे केली आणि म्हणाली, “आधी ओढून बघ.”

तिनं दोन बोटांत धरून ओढलं. केस जागच्या जागी. पन्नास रुपये घेतलेन म्हणे, पूर्वी वीस होते.