प्रवासासाठी पहिला कॅमेरा: सेन्सरसोबत भिंगही बघा

लेन्स बदलता येणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ छोट्या कॉम्पॅक्टमधल्या १ इंची सेन्सरच्या साधारण तिप्पट असतं, म्हणून तुम्ही मिररलेस घ्यायला निघाला असाल. पण त्याच्यासोबत येणारं किट लेन्सही बघा. एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो. किट लेन्स बहुतेकदा एफ ३.५-५.६ असतं, तर १ इंची कॉम्पॅक्टच्या चांगल्या मॉडेलचं एफ १.८-२.८.

समजा, अंधाऱ्या संग्रहालयात झूम करून मूर्तीचा फोटो काढताय. कॉम्पॅक्टला एफ २.८ वर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८०० पुरतो. तेवढ्याच शटर स्पीडला किट लेन्सला एफ ५.६ वर ३२०० लागतो, कारण उजेड चौपट कमी. आयएसओ वाढला की फोटोत दाणे वाढतात, त्यामुळे मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच संपतो, दाणे जवळपास सारखेच दिसतात.

म्हणून किट लेन्सच कायम लावून ठेवणार असाल, तर खिशात मावणारा कॉम्पॅक्टच घ्या, मी अगदी मनापासून सांगतोय. मिररलेस घ्यायचा तर ३५ मिमी एफ १.८ सारख्या, जास्त उजेड घेणाऱ्या लेन्सचे पैसे आधीच बाजूला काढा.

ब्रँडचा विचार तिथूनच सुरू करा. सोनी, फुजी, कॅनन, निकॉन, कुठल्याही बॉडीवर फोटो उत्तमच येतात. तुम्हाला हवी ती छोटी, हलकी लेन्स त्या बॉडीच्या माउंटसाठी, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या जोडासाठी, मिळते का आणि तिचं वजन किती, हे बॉडी ठरवण्याआधी तपासा.