मशीन नवं, जुनं की भाड्याचं?

*मॅडम, माझा शिवणकामाचा कोर्स संपलाय. घरच्या मशीनवर जाड कापड नीट शिवलं जात नाही, म्हणून इंडस्ट्रियल मशीन घ्यायचंय. ओव्हरलॉकही हवंय. बाबा म्हणतात नवंच घे, मैत्रीण म्हणते भाड्यानं आण. मला जुनं परवडेल. काय करू?*

किमतीपेक्षा परत न येणारे पैसे मोज. समजा नवं मशीन १०० रुपयांना मिळतं आणि वर्षानं ६५ला विकलं जातं, म्हणजे ३५ गेले. जुनं ५०ला घेतलंस, दुरुस्तीला ८ लागले आणि वर्षानं ४५ला विकलंस, तर १३ गेले. भाडं महिना ५ असेल तर दोन महिन्यांत १० जातात, तिसऱ्या महिन्यात जुनं स्वस्त पडू लागतं. तुझ्याकडचे खरे आकडे घालून हाच हिशेब कर. एखादी ऑर्डर उरकण्यापुरतं हवं असेल तर भाड्यानं आण. रोजचं काम असेल तर माझं मत जुन्याच्या बाजूनं आहे, पण ते नीट तपासता आलं तरच.

बघायला जाताना स्वतःचं पातळ कापड, जाड कापड आणि दोरा घेऊन जा. विकणारा बहुधा मशीनला मानवेल असंच कापड समोर ठेवतो. आधी मशीन बंद ठेवून, सुई लावलेला दांडा बोटांत धरून डावी-उजवीकडे हलव. दांडा खडखडला तर आतली बुशं झिजलीत. तिथं वेळ घालवू नकोस, निघून ये. मग हळू आणि वेगात, दोन्ही प्रकारे शिव. चार पदरांच्या जोडावरून पुन्हा ने. टाके सुटत असतील तर आधी नवी सुई लावून बघ. तरीही सुटले तर हुकाचं टायमिंग बिघडलेलं असेल किंवा हुकाचं टोक झिजलं असेल. टायमिंग मेकॅनिक लावून देतो, झिजलेला हुक बदलावा लागतो. हा खर्च किमतीतून वजा करून माग. वर तेलाची काच असेल तर मशीन वेगात चालताना तिथं तेल उडताना दिसायला हवं. दिसलं नाही तर तेल कमी आहे किंवा पंप काम करत नाही.

मोटरची पाटी वाचायला विसरू नकोस. कारखान्यातून निघालेल्या जुन्या मशीनची मोटर बऱ्याचदा थ्री-फेज असते आणि ती घरच्या सिंगल-फेज जोडणीवर तशीच चालत नाही. क्लच मोटर तर शिवत नसतानाही फिरत, गुणगुणत राहते आणि वीज खाते. सिंगल-फेज सर्व्हो मोटर बसवली की दोन्ही प्रश्न मिटतात, पण तिची किंमत वरच्या ८मध्ये धरलेली नाही, ती वेगळी मिळव.

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. जवळपास मेकॅनिक नसेल तर वॉरंटीचं नवं मशीनच बरं.

ओव्हरलॉक मात्र आत्ता घेऊ नकोस. कडा बाहेरून मारून घे आणि त्याचा खर्च वहीत लिहीत जा. महिन्याची ती रक्कम ओव्हरलॉकच्या भाड्यापेक्षा सलग जास्त येऊ लागली की पुन्हा लिही.